मिथाइलकोबालामिन की सायनोकोबालामिन? आधी डब्यावरचा आकडा नीट वाचा

बी-१२ कमी निघालं की हातात दोन पर्याय येतात. सायनोकोबालामिन जुनं आणि सहसा स्वस्त. मिथाइलकोबालामिन ‘थेट कामाला लागणारं’ म्हणून महाग विकलं जातं. माझं मत आधीच सांगते: बहुतेकांसाठी या दोन नावांपेक्षा मायक्रोग्रॅमचा आकडा आणि गोळी की इंजेक्शन, हा निर्णय जास्त महत्त्वाचा आहे.

फरक रेणूच्या एका टोकाचा आहे. एकात तिथे सायनाइडचा गट असतो, दुसऱ्यात मिथाइलचा. पण पेशीत शिरल्यावर दोन्हींचं हे टोक काढून टाकलं जातं आणि शरीर आपल्या गरजेप्रमाणे नवा गट जोडतं. म्हणजे बाहेरून घेतलेलं मिथाइल टोक जसंच्या तसं वापरलं जात नाही. ‘तयार रूप’ या जाहिरातीतला जोर इथेच ओसरतो.

सायनाइड हा शब्द वाचून काहीजण घाबरतात. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीत ते साधारण २० मायक्रोग्रॅम असतं आणि शरीर ते सहज निकामी करतं. मात्र लेबर नावाचा आनुवंशिक दृष्टिदोष असेल तर सायनोकोबालामिन टाळतात, आणि मूत्रपिंडं निकामी होत चालली असतील तर रूप कोणतं घ्यायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मिथाइलकोबालामिनची खरी अडचण उजेड. प्रकाशात ते लवकर मोडतं, म्हणून त्याचा अँप्युल तपकिरी काचेचा असतो. टोचायच्या क्षणापर्यंत तो खोक्यातच राहू द्या. सायनोकोबालामिन जास्त टिकाऊ आहे, आणि माझ्या मते हा त्याचा मोठा गुण आहे.

आता आकडा. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. त्यामुळे ‘१.५ एमजी’ आणि ‘१५०० एमसीजी’ या दोन गोळ्यांची ताकद एकच. काही पाकिटांवर मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक म्यू अक्षर असतं. हस्ताक्षरात ते एम वाटलं तर हजारपट चूक होते, म्हणून चिठ्ठीवर शंका आली तर विचारूनच घ्या.

एकत्रित गोळ्यांत आणखी गोंधळ होतो. समोर मोठ्या अक्षरांत ‘१०० एमजी’ दिसतं, पण ते बहुधा दुसऱ्याच घटकाचं असतं. मागच्या मजकुरात कोबालामिनची ओळ शोधा आणि तो आकडा ‘एका गोळीत’ आहे की ‘दोन गोळ्यांच्या मात्रेत’, तेही पाहा. सोबत बी-६ असेल तर त्याचंही प्रमाण बघा. ते जास्त प्रमाणात दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच हातपाय बधिर होऊ शकतात, आणि मग बी-१२ अजून कमीच आहे असा गैरसमज होतो.

अँप्युलवर ‘प्रत्येक मिलिलिटरमध्ये’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. समजा डॉक्टरांनी १००० मायक्रोग्रॅम लिहिलं आहे. पहिल्या अँप्युलवर प्रति मिलिलिटर ५०० आणि एकूण २ मिलिलिटर असेल, तर पूर्ण अँप्युल म्हणजे नेमके १०००. दुसऱ्यावर प्रति मिलिलिटर १५०० आणि एकूण १ मिलिलिटर असेल, तर पूर्ण अँप्युल दीडपट होतो. नुसता ठळक आकडा पाहिला तर पहिला ‘अर्धा’ वाटतो आणि दोन आणले जातात. बी-१२ जास्त गेल्याने सहसा विषबाधा होत नाही, पण मात्रा ठरलेलीच असावी.

गोळीचा हिशोब वेगळा, कारण छापलेलं सगळं रक्तात जात नाही. जठरात तयार होणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन एका वेळी एक-दोन मायक्रोग्रॅमच आत नेतं. वरचं आपोआप झिरपतं, तेही साधारण शंभरात एक-दोन. त्यामुळे ५०० च्या गोळीतून अंदाजे १० मायक्रोग्रॅम मिळतात आणि १००० च्या गोळीतून १३ च्या आसपास. आकडा दुप्पट झाला म्हणून फायदा दुप्पट होत नाही. तरीही प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे २.४ मायक्रोग्रॅमच असल्याने मोठ्या मात्रेची गोळी इंट्रिन्सिक फॅक्टर नसणाऱ्यांनाही बऱ्याचदा पुरते. इंजेक्शन हा सगळा अडथळा ओलांडतं, पण १००० मायक्रोग्रॅम सायनोकोबालामिन टोचल्यावर त्यातला मोठा भाग दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो.

म्हणून नुसती आहारातली कमतरता असेल आणि गोळी नियमित घेणं जमत असेल, तर मी सायनोकोबालामिनची रोजची गोळी निवडेन. चालताना तोल जात असेल, पाय बधिर होत असतील किंवा रक्तक्षय तीव्र असेल, तर रूपावर वाद घालत न बसता इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा. रक्ताचा नमुना मात्र पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी द्या. नंतर बी-१२ ची पातळी इतकी वर जाते की मुळात किती कमी होती ते अहवालावरून कळत नाही.