लंडनला उटणं: भेट की विक्री?

ठाण्याहून लंडनच्या बहिणीला दिवाळीनिमित्त उटणं आणि फेसक्रीम पाठवलं, तर ३९ पौंडांपर्यंतची भेट तिथे व्हॅटशिवाय सुटते. कस्टम्सच्या फॉर्मवर नुसतं ‘कॉस्मेटिक्स’ नको; वस्तू, नग आणि खरी किंमत लिहा.

तोच डबा ग्राहकाला विकलात तर ही सवलत नाही. २० टक्के व्हॅट लागतो, इथून निर्यातीसाठीचा आयईसी क्रमांक लागतो, तिथे उत्पादनाची कायदेशीर जबाबदारी घेणारा ‘रिस्पॉन्सिबल पर्सन’ नेमून उत्पादनाची सरकारी नोंदणीही करावी लागते. ‘भेट’ लिहून विक्री पाठवणं म्हणजे पार्सल अडकवून घेणंच. गोरं करणाऱ्या क्रीममधलं हायड्रोक्विनोन किंवा पारा मात्र बहिणीलाही नको.

भेट असो वा विक्री, कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात. ३०×२०×१५ सेंमीचं खोकं, भागिले ५०००, म्हणजे १.८ किलोचे पैसे, आतला माल ९०० ग्रॅम असला तरी!