सारांशलेखन: वाक्ये छाटावीत की युक्तिवाद पुन्हा बांधावा?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अनिवार्य भारतीय भाषेच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश विचारला जातो. त्यासाठी दोन पद्धती वापरल्या जातात.

समजा, 300 शब्दांच्या उताऱ्याचे म्हणणे असे आहे: कूपनलिका खोल नेल्याने तात्पुरते पाणी मिळते; परंतु भूजलाचा साठा सामायिक असल्याने शेजारच्या विहिरी आटतात; म्हणून कोरडवाहू गावांनी पिकांचा निर्णय एकत्रितपणे घ्यावा.

पहिल्या पद्धतीत मूळ वाक्ये क्रमाने घेऊन विशेषणे, उदाहरणे आणि पुनरुक्ती गाळली जाते. तपशील चुकत नाहीत, पण मजकूर बहुधा 150 शब्दांपाशी अडतो आणि मग घाईने ‘परंतु’, ‘म्हणून’ यांसारखे दुवे कापले जातात. परिणामी कूपनलिका, विहिरी आणि पिके यांविषयीची तीन सुटी विधाने उरतात व त्यांतील कार्यकारणसंबंध नाहीसा होतो.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक परिच्छेदाचे कार्य समासात एका ओळीत नोंदवायचे, दावा व कारण वेगळे ओळखायचे आणि उतारा झाकून त्या नोंदींवरूनच लिहायचे. वरील उताऱ्यातील सामायिक साठ्याचे कारण येथे सुटत नाही, कारण त्याशिवाय निष्कर्ष उभाच राहत नाही. मात्र ‘कोरडवाहू’ ही मर्यादा निसटण्याचा किंवा स्वतःचे मत शिरण्याचा धोका असतो, म्हणून शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते.

माझ्या मते युक्तिवादात्मक उताऱ्यासाठी दुसरीच पद्धत योग्य आहे. निव्वळ माहितीपर उताऱ्याला पहिलीही पुरते.