कडकपणाच्या आकड्यावरून काढलेली यील्ड : ट्रॉलीच्या एक्सलमध्ये झालेली फसवणूक

लातूर जिल्ह्यात ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या बनवणारी माझी लहानशी वर्कशॉप आहे. मागच्या एका हंगामात आमच्या ट्रॉल्यांचे एक्सल तुटले नाहीत, पण वाकले, आणि ते का वाकले याचा शोध घेताना पोलाद व्यापाऱ्याने दिलेल्या टेस्ट सर्टिफिकेटमधील एक रकाना चाचणी न करताच भरलेला असल्याचे उघड झाले. ट्रॉल्या, रोटाव्हेटर, गुऱ्हाळाचे चरक किंवा तत्सम अवजारे बनवणाऱ्या मराठवाड्यातील बऱ्याच कारखानदारांच्या हाती अशीच सर्टिफिकेटे येत असणार, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

आम्ही मागवलेला माल 65 मिलिमीटर व्यासाचा, ईएन 24 पोलादाचा, पाणी देऊन नंतर टेम्पर केलेला, म्हणजे बाजारात ज्याला 'टी कंडिशन' म्हणतात तसा राउंड बार होता. ऑर्डरमध्ये यील्ड स्ट्रेंग्थ किमान 650 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावी असे लिहिले होते, कारण एक्सलच्या बाबतीत खरा प्रश्न तुटण्याचा नसून कायमचे वाकण्याचा असतो. ज्या ताणापर्यंत पोलाद भार उतरल्यावर पुन्हा सरळ होते, त्या मर्यादेला यील्ड म्हणतात, आणि ती ओलांडली की चाक कलते. मालाबरोबर आलेल्या कागदावर व्यापाऱ्याच्या लेटरहेडखाली तीन बारांचे आकडे होते. कडकपणाच्या 'रॉकवेल' या रकान्यात 93, 94 व 95, आणि 'यील्ड' या रकान्यात 654, 670 व 687. तिन्ही आकडे 650 च्या वर असल्याने माल स्वीकारला गेला आणि एक्सल तयार होऊन ट्रॉल्यांना लागले.

हंगाम निम्म्यावर आला असताना औसा भागातील एका वाहतूकदाराने ट्रॉली परत आणली. चाके वरच्या बाजूने आत झुकली होती आणि टायर आतल्या कडेने घासले होते. पाठोपाठ आणखी ट्रॉल्या आल्या. हिशेब करून पाहिला. दहा टन ऊस आणि दोन टन ट्रॉलीचे वजन चार चाकांवर वाटले, तर एका चाकावर तीन टन येतात. पाट्याच्या आधारापासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर आमच्या रचनेत 170 मिलिमीटर आहे, आणि 65 मिलिमीटर व्यासाच्या बारात एवढ्या भाराने सुमारे 185 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतका ताण निर्माण होतो. उसाच्या रस्त्यांवरील खड्ड्यात चाक आदळले की हा ताण सहज दुप्पट, म्हणजे 370 च्या आसपास जातो. यील्ड खरोखरच 654 असती, तर एवढ्याने एक्सल वाकण्याचे कारण नव्हते. ती साडेतीनशेच्या घरात असेल, तरच हे घडू शकत होते.

शिल्लक राहिलेल्या बाराचा एक तुकडा आणि वाकलेल्या एक्सलचा एक तुकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला. तेथील ज्येष्ठ तंत्रज्ञांनी प्रथम सर्टिफिकेट पाहिले आणि रॉकवेलच्या आकड्यापुढे अक्षर का नाही, असे विचारले. सगळी गोम त्या एका अक्षरात होती.

रॉकवेल ही एकच मोजपट्टी नव्हे. 'सी' मोजपट्टीत 120 अंशांच्या हिऱ्याच्या शंकूने 150 किलोग्रॅम भार देतात, तर 'बी' मोजपट्टीत सुमारे 1.6 मिलिमीटर व्यासाच्या गोळीने 100 किलोग्रॅम. दोन्हींमध्ये आधी 10 किलोग्रॅमचा प्राथमिक भार देऊन टोक टेकवतात, मग पूर्ण भार देऊन तो काढतात, आणि टोक कायमचे किती खोल गेले ते पाहतात. प्रत्येक 0.002 मिलिमीटर खोलीला एक गुण कमी होतो. फरक असा की सी मध्ये ही वजाबाकी 100 मधून करतात आणि बी मध्ये 130 मधून. म्हणून बी चे 93 आणि सी चे 30 यांची थेट तुलना होऊच शकत नाही. सी वर पूर्ण कडक केलेले हत्यारी पोलादसुद्धा 65 ते 68 च्या पुढे फारसे जात नाही, त्यामुळे पोलादाच्या बारावर 93 लिहिले असेल तर तो आकडा बी चाच असणार. बी चे 93 म्हणजे ब्रिनेल किंवा विकर्स या कडकपणाच्या दुसऱ्या मोजपट्ट्यांवर सुमारे 200, आणि टी कंडिशनच्या ईएन 24 ला ब्रिनेलवर 248 ते 302 कडकपणा हवा असतो, जो सी वर ढोबळमानाने 24 ते 32 होतो. कागदावर 93 हा आकडा 30 पेक्षा मोठा दिसतो, प्रत्यक्षात तो मऊ पोलादाचा आकडा आहे.

मग यील्डचा रकाना पाहिला. बी चे 93, 94 आणि 95 म्हणजे विकर्सवर सुमारे 200, 205 आणि 210. या प्रत्येकाला 9.81 ने गुणून 3 ने भागले असता जे येते, ते असे :

200 × 9.81 ÷ 3 = 654
205 × 9.81 ÷ 3 = 670
210 × 9.81 ÷ 3 = 687

सर्टिफिकेटमधील तिन्ही यील्ड जशाच्या तशा. तीन वेगवेगळे बार खरोखर ओढून तपासले असते, तर यील्ड आणि कडकपणा यांचे गुणोत्तर प्रत्येक वेळी थोडेफार हलले असते. येथे ते तिन्ही ओळींत 3.27 वर स्थिर होते, म्हणजे बार यंत्रावर ओढलेलाच नव्हता. ज्याच्याकडे असे सर्टिफिकेट असेल, त्याने कडकपणा आधी विकर्समध्ये बदलून घ्यावा आणि यील्डला त्याने भागून पाहावे. प्रत्येक ओळीत 3.27 च्या आसपास तोच तो आकडा येत असेल, तर तो रकाना कॅल्क्युलेटरवर भरलेला आहे.

हा 'भागिले तीन'चा नियम व्यापाऱ्याने मनाने काढलेला नव्हता, आणि फसवणूक पटण्यासारखी झाली ती त्यामुळेच. ठसा उमटताना टोकाखालील धातूला बाजूला सरकायला मोकळी जागा नसते, भोवतीचा धातू त्याला चिखलात रुतलेल्या पायासारखा दाबून धरतो. त्यामुळे ठशावरील सरासरी दाब धातूच्या साध्या ओढीतील यील्डच्या सुमारे तिप्पट झाल्याशिवाय ठसा वाढत नाही. कडकपणा हा किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मोजलेला दाबच असल्याने 9.81 ने गुणून तो न्यूटनमध्ये आणायचा आणि 3 ने भागायचे, एवढेच त्या नियमाचे स्वरूप आहे. मात्र ताणल्यावर जो धातू आणखी कडक होत नाही, त्यालाच तो नीट लागू पडतो, उदाहरणार्थ आधीच भरपूर थंड ओढलेल्या धातूला. गरम लाटून थंड होऊ दिलेले पोलाद तसे नसते, ते दाबताना कडक होत जाते. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड टेबर यांनी दाखवून दिले की विकर्सच्या ठशाखालील धातू सरासरी आठ टक्के विकृत झालेला असतो. म्हणून कडकपणाला तीनने भागून मिळणारा ताण हा धातू आठ टक्के ताणला गेल्यानंतरचा असतो, तर यील्ड आपण 0.2 टक्के कायमच्या वाढीवर मोजतो. या दोहोंच्या दरम्यान मऊ पोलादाची ताकद बरीच वाढलेली असते.

प्रयोगशाळेच्या अहवालात हेच आकड्यांत दिसले. बार ओढल्यावर यील्ड 366 निघाली आणि तुटेपर्यंतची कमाल ताकद 672. पोलादाची कमाल ताकद ब्रिनेलच्या सुमारे 3.45 पट असते, हा दुसरा ढोबळ नियम, आणि तो पोलादाच्या बाबतीत बराच भरवशाचा आहे. 200 ला 3.45 ने गुणल्यास 690 येतात, म्हणजे प्रत्यक्षाच्या अगदी जवळ. पण 3.27 आणि 3.45 हे गुणक एकमेकांच्या इतके शेजारी आहेत की भागिले तीन करून जे 654 काढले, ते वस्तुतः कमाल ताकदीच्या जवळचे होते आणि त्याला यील्ड असे नाव दिले होते. खऱ्या यील्डपासून ते जवळजवळ तीनशेने दूर होते. रासायनिक तपासणीत निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम नाममात्रच निघाले, ईएन 24 मध्ये मात्र निकेलच सुमारे दीड टक्का असते. माल ईएन 8 च्या जातीचा, साधा 0.40 टक्का कार्बनचा, पाणी न दिलेला बार होता. दर मात्र ईएन 24 चा घेतला होता.

व्यापाऱ्याकडे अहवाल घेऊन गेलो, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "साहेब, सर्टिफिकेटमधला एक तरी आकडा खोटा आहे का, सांगा." 93 हा आकडा खराच होता, त्याच्या प्रयोगशाळेने फक्त कडकपणा मोजून दिला होता. यील्डचा रकाना त्याने स्वतः जोडला होता आणि सूत्राने काढल्याचे कोठेही लिहिले नव्हते. माझ्या मते यालाच खोटेपणा म्हणतात, कारण 'यील्ड' या मथळ्याखाली छापलेला आकडा चाचणीचा असल्याचे कोणताही ग्राहक धरून चालतो. अखेर त्याने न वापरलेले बार परत घेतले. वाकलेले एक्सल बदलण्याचा खर्च, मजुरी आणि वाहतूकदारांच्या बुडालेल्या फेऱ्यांची भरपाई आम्हालाच करावी लागली.

आता माल उतरवण्यापूर्वी आम्ही प्रत्येक हीट नंबरचा, म्हणजे पोलादाच्या प्रत्येक वितळणीचा, एक बार वर्कशॉपजवळच्या ब्रिनेल यंत्रावर दाबून पाहतो. 10 मिलिमीटरची गोळी आणि 3000 किलोग्रॅम भार असेल, तर टी कंडिशनच्या ईएन 24 वर ठशाचा व्यास 3.5 ते 3.85 मिलिमीटरच्या दरम्यान यायला हवा. आमच्या त्या मालावर तो 4.25 आला होता, आणि हा फरक मापपट्टीच्या भिंगातून कोणालाही दिसतो. दाबण्याआधी बाराची काळी खपली आणि तिच्याखालील मऊ थर घासून काढावा लागतो, नाहीतर चांगला बारही मऊ भासतो. एवढ्याने माल चुकीचा असल्यास कळते, यील्ड मात्र कळत नाही, कारण 260 ब्रिनेलचा बार नीट पाणी देऊन टेम्पर केलेला असू शकतो किंवा जास्त कार्बनचा नुसता लाटलेलाही असू शकतो, आणि त्या दोहोंच्या यील्डमध्ये मोठा फरक असतो. म्हणून ऑर्डरमध्ये आता कडकपणा मोजपट्टीच्या अक्षरासह, आणि ब्रिनेल असल्यास गोळी व भारासह लिहून मागतो. यील्ड त्याच हीटच्या बारातून कापलेल्या नमुन्याच्या आयएस 1608 प्रमाणे केलेल्या ओढ-चाचणीचीच असावी आणि अहवाल व्यापाऱ्याच्या नव्हे, प्रयोगशाळेच्या कागदावर असावा, ही अट छापूनच ठेवली आहे. ती वाचून काही व्यापारी दर द्यायचेच थांबवतात, आणि त्यांच्याकडून आम्ही माल घेत नाही.