नेव्ही ब्लू काजळ, पाच महिने आणि ती मेली पेन्सिल

काल ऑफिसला निघताना काजळाचं टोक परत तुटलं, तिसऱ्यांदा, म्हणून हे लिहायला बसलेय. कंपनीचं नाव घेत नाही, पण फिरवून बाहेर काढायची ती पेन्सिल एकदा जास्त बाहेर आली की आत जातच नाही. मे महिन्यात पर्समध्ये मऊ होते आणि टोपण लावताना कचकन तुटते. आता लावायच्या आधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवते, त्याने बरंच बरं पडतं, पण मी काय काजळासाठी फ्रीज घेतलाय का?

रंगाबद्दल मात्र तक्रार नाही. माझे डोळे इतके गडद ब्राऊन आहेत की लांबून काळेच वाटतात, आणि आयुष्यभर काळं काजळ घातल्यामुळे ते अजूनच काळे दिसायचे. ब्राऊन म्हणजे शेवटी गडद केशरीच, आणि कलर व्हीलवर केशरीच्या बरोबर समोर निळा, म्हणून निळा शेजारी आला की बुबुळातला तपकिरी उठून दिसतो. दुकानात हाताच्या मागे रेघ मारून बघू नका, त्याने काही कळत नाही. एका डोळ्याला काळं, एकाला नेव्ही लावून दिवसा खिडकीशी उभं राहा, फरक लगेच दिसतो. रात्री लग्नाच्या हॉलमध्ये मात्र नेव्ही जवळजवळ काळंच वाटतं, तिथे उगाच अपेक्षा ठेवू नका.

आधी मी ते खालच्या पापणीच्या आतल्या कडेला घालायचे आणि रिव्ह्यूत एक स्टार द्यायचं ठरवलं होतं, कारण दुपारपर्यंत सगळं डोळ्याखाली उतरायचं. आई म्हणाली, "अगं, मार लागलाय का तुला?" पण ती कड कायम ओली असते, तिथे कुठलंच काजळ फार टिकत नाही. आता फक्त वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी लावते, डोळ्याखाली थोडी लूज पावडर. सहा तास आरामात जातात. खाली काहीच नसल्यामुळे डोळा मोठाही दिसतो.

आयशॅडोत तांब्याचा रंग एकदम बेस्ट, बोटानेच पापणीच्या मधोमध थापायचा. चांदीचा माझ्या गव्हाळ रंगावर राख फासल्यासारखा दिसला, वाया गेला. प्लमच्या नावाखाली लालसर शेड घेतली तर रडून आल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा वांगी रंग घ्या, निळ्याकडे झुकणारा.

पॅकवर उघड्या डबीच्या चित्रात ६ एम लिहिलंय, म्हणजे उघडल्यापासून सहा महिने. तुटलेले तुकडे मी एका स्वच्छ डबीत काढलेत, पातळ ब्रशने लावते आणि खरं सांगू, पेन्सिलपेक्षा रेघ बारीक येते. अजून एक महिना बाकी आहे, तो वसूल करणार.