५५ इंची टीव्ही, भिंतीवर: आठ महिन्यांनंतर

टीव्ही घेतला तेव्हा माहितीपत्रक मी तीनदा वाचलं होतं. ५५ इंच, ४के, व्हीए पॅनेल, तीन एचडीएमआय, दोन यूएसबी, वेसा २०० × २००, स्टँडशिवाय वजन १४.५ किलो. यातलं काहीही खोटं निघालं नाही. तरी पहिले तीन महिने मी या टीव्हीवर वैतागलेलीच होते, कारण यातल्या एका ओळीचा दुसऱ्या ओळीवर काय परिणाम होतो ते भिंतीला भोकं पडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. टेबलावर ठेवलेला टीव्ही चुकला तर सरकवता येतो. भिंतीवरच्याला तेवढी मुभा नसते.

आधी भोकांचीच गोष्ट. वेसा २०० × २०० म्हणजे टीव्हीच्या पाठीवर चार भोकं, आडवी आणि उभी दोन्हीकडे २०० मिलिमीटर अंतरावर. ब्रॅकेट त्या मापाला चालतो का एवढंच मी पाहिलं. ही चार भोकं टीव्हीच्या पाठीवर नेमकी कुठे आहेत, हे माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं आणि मीही मोजलं नाही. कोचावर बसल्यावर डोळे जमिनीपासून १०५ सेंटिमीटरवर येतात, म्हणून स्क्रीनचा मध्य ११० वर हवा असं मी बसवायला आलेल्या दादांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मग ब्रॅकेटचा मध्य ११० वर धरतो." मी मान डोलावली.

टीव्ही टांगल्यावर खालून विजेचं सॉकेट डोकावायला लागलं. ते ८० वर आहे आणि टीव्हीमागे झाकलं जाणार होतं. मग टेप घेऊन मोजलं. टीव्हीची बाहेरची उंची ७१ सेंटिमीटर. खालची दोन भोकं खालच्या कडेपासून १२ वर, वरची दोन ३२ वर. म्हणजे भोकांचा मध्य खालून २२ वर आणि टीव्हीचा मध्य साडेपस्तीसवर. बऱ्याच टीव्हींना भोकं अशी खालच्या अर्ध्या भागात असतात, कारण सर्किट, पोर्ट आणि जाड भाग तिथेच असतो. ब्रॅकेटचा मध्य ११० वर धरल्यामुळे स्क्रीनचा मध्य १२३.५ वर गेला आणि खालची कड ७४.५ ऐवजी ८८ वर. ब्रॅकेटचा मध्य खरं तर ९६.५ वर हवा होता. टीव्ही खोक्यातून काढून पालथा ठेवला असता तर ही वजाबाकी दोन मिनिटांत झाली असती.

आता पोर्ट. तीन एचडीएमआयपैकी दोन बाजूला तोंड करून आहेत आणि एक थेट मागे, भिंतीकडे. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारा ईआर्क नेमका त्या मागच्या पोर्टवर. ईआर्क एकाच पोर्टवर असतो, दुसऱ्यात केबल लावून आवाज बाहेर निघत नाही. मी घेतलेला सपाट ब्रॅकेट टीव्ही भिंतीपासून फक्त २५ मिलिमीटरवर ठेवतो. दिसायला फार सुरेख. पण एचडीएमआयचं डोकं आणि त्यामागे केबलला वळायला लागणारी जागा धरली तर निदान ५-६ सेंटिमीटर लागतात. (सॉकेट टीव्हीमागे झाकलं गेलं असतं तरी २५ मिलिमीटरमध्ये प्लगही मावला नसता, हे नंतर सुचलं. एक चूक दुसरीला सांभाळून घेत होती.)

काटकोनी जोडणी हा यावरचा स्वस्तातला उपाय. तिचे दोन प्रकार असतात. एकात केबल खाली वळते, दुसऱ्यात वर. कुठला हवा हे टीव्हीवरचं पोर्ट सुलटं आहे की उलटं यावर ठरतं. एचडीएमआयची एक लांब बाजू रुंद असते, एक अरुंद. घ्यायच्या आधी मोबाइल टीव्हीमागे घालून फोटो काढा आणि रुंद बाजू कुठे आहे ते बघा. मी न बघता घेतली, आणि केबल वर वळून टीव्हीच्या फुगीर भागावर आपटली. दुसरी आणली, ती बसली. पण दर वेळी काही बदलायचं तर दोघांनी टीव्ही उचलून खाली घ्यायचा, हे काही खरं नव्हतं.

तरीही ब्रॅकेट बदलायचं शेवटी ठरवलं ते पॅनेलमुळे. व्हीए पॅनेल मी विचार करून घेतलं होतं. रात्री दिवे मालवून सिनेमा बघताना काळा रंग खरंच काळा दिसतो. आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलमध्ये तो अंधारात राखाडी वाटतो. या बाबतीत आठ महिन्यांनंतरही तक्रार नाही. मात्र व्हीए समोरून बघायचं पॅनेल आहे. आमचा कोच अडीच मीटरवर, पण आईची खुर्ची खिडकीपाशी, मध्यापासून दीड मीटर बाजूला. म्हणजे ती साधारण ३० अंशांतून बघते. "यातली माणसं आजारी का दिसतात गं?" असं तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं. मी सेटिंग बदलत बसले. तिच्या खुर्चीत जाऊन बसले तेव्हा कळलं. काळा रंग उतरलेला, चेहरे फिके, लाल साडी विटकी. समोर येऊन बसलं की सगळं पुन्हा ठीक. ही सेटिंगची गोष्ट नव्हे. तुमच्याकडे बाजूला बसणारं माणूस रोजचं असेल तर दुकानात टीव्हीसमोर उभं राहू नका, तितक्या कोनात बाजूला जाऊन चेहरे बघा. आणि आवडलेल्या मालिकेतला दुसऱ्या इंचांचा टीव्ही घेणार असाल तर पॅनेल पुन्हा तपासा. एकाच मालिकेत एका मापाला व्हीए आणि दुसऱ्याला आयपीएस असू शकतं.

म्हणून चौथ्या महिन्यात बाहेर ओढता येणारा, वळणारा ब्रॅकेट घेतला. बंद असताना तो टीव्ही ७ सेंटिमीटरवर ठेवतो, पूर्ण ओढला की ४० वर. त्याच्या खोक्यावर ३५ किलो लिहिलंय, पण ती ब्रॅकेटच्या हाताची ताकद झाली, भिंतीची नाही. सपाट ब्रॅकेटवर वजन जवळजवळ सरळ खाली जातं. हात बाहेर ओढला की टीव्ही वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटायला बघतो. माझ्या ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे स्क्रू २० सेंटिमीटर अंतरावर आहेत. १४.५ गुणिले ४०, भागिले २०, म्हणजे वरच्या स्क्रूंवर २९ किलोची ओढ, तीही ब्रॅकेटच्या स्वतःच्या वजनाशिवाय. बंद असताना हीच ओढ पाच किलोच्या आसपास असते.

सपाट ब्रॅकेट बारीक प्लास्टिक प्लगांवर बसला होता आणि आमच्या भिंतीला गिलावाच दोन सेंटिमीटरचा आहे. पाच सेंटिमीटरच्या प्लगचा तीनच सेंटिमीटर भाग विटेत गेलेला. या वेळी १० मिलिमीटरची खोल भोकं, ८ चे जाड स्क्रू आणि त्यांना साजेसे लांब प्लग घातले. ड्रिल करताना आधी पांढरी भुकटी येते, मग विटेची लाल. लाल कुठून सुरू झाली यावरून गिलावा किती ते समजतं. मध्येच ड्रिल झटकन आत गेलं तर वीट पोकळ आहे. तिथे हे प्लग चालत नाहीत, पोकळ भिंतीचे वेगळे येतात. टीव्ही टांगायच्या आधी रिकामा हात पूर्ण ओढून टोकाला हाताने जोर दिला आणि प्लेट भिंतीपासून सुटते का ते पाहिलं. महिन्याने पुन्हा पाहिलं. जागची हलली नाही.

टीव्हीच्या पाठीचे स्क्रू हा वेगळा विषय. माझ्या टीव्हीला एम ६ लागतात. ब्रॅकेटसोबत चार जाडीचे आणि तीन लांबीचे स्क्रू आले, आणि कुठला कशासाठी याबद्दल अक्षर नाही. मी भोकात काडी घालून ती टेकली तिथे खूण केली, खोली २० मिलिमीटर भरली. ब्रॅकेटची पट्टी २ मिलिमीटर, वॉशर दीड. २० चा स्क्रू घेतला तर साडेसोळा आत जातात, म्हणजे तळाला टेकत नाही आणि पकडही भरपूर. ३० चा घातला असता तर तळाला टेकून पॅनेलला आतून ढकललं असतं. स्क्रू अडकला पण पट्टी अजून हलतेय, अशी खूण दिसली तर पिळत बसू नका, तो लांब आहे. खालची भोकं खोलगट असली तर स्पेसर लागतो, आणि त्याची जाडी हिशोबात धरून लांब स्क्रू घ्यावा लागतो.

४के बद्दल थोडंच. ५५ इंचांत ४के चे ठिपके इतके बारीक असतात की चांगल्या नजरेला ते साधारण १.१ मीटरच्या आत आल्यावरच वेगळे दिसावेत. फुल एचडीला हेच अंतर २.२ मीटर. आम्ही अडीचवर बसतो, त्यामुळे सिनेमात फार फरक जाणवत नाही. लॅपटॉप जोडून जवळ बसले की जाणवतो. सुरुवातीला काळ्यावरची लाल अक्षरं फुटलेली दिसत होती. त्या पोर्टचं सिग्नल सेटिंग साधं होतं, आणि त्यात ६० हर्ट्झवर रंगांची माहिती कापून येते. ते वाढीव केलं आणि इनपुटला पीसी असं नाव दिलं, अक्षरं सरळ झाली. पोर्टवर एचडीएमआय २.१ छापलंय म्हणून १२० हर्ट्झ मिळतील असं मात्र समजू नका. हे पॅनेलच ६० चं आहे, २.१ चा उपयोग इथे ईआर्कपुरता.

आता ब्रॅकेटचा मध्य ९६.५ वर आहे, सॉकेट झाकलं गेलंय, प्लगही मावतो. संध्याकाळी टीव्ही आईकडे १५ अंश वळवला की तिला तो १६ अंशांतून दिसतो आणि चेहरे चेहऱ्यासारखे वाटतात. कोचाच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्याचा कोन तेवढाच वाढतो, आणि तिथे सहसा मीच असते. केबल मात्र पूर्ण ओढलेल्या हाताइतकी सैल ठेवा. मी पहिल्याच दिवशी टीव्ही ओढला आणि साउंडबारची केबल पोर्टातून तिरकी होऊन लोंबायला लागली. पोर्ट वाचलं. मग केबल हाताच्या सांध्यापाशी एक वळसा देऊन सैलसर बांधली, अजून ताणली गेलेली नाही.