पगाराची रेंज कधी विचारावी: पहिल्या फोनवर, पुढच्या राउंडआधी की सगळं झाल्यावर?

हिंजवडी, खराडी, बाणेर, कुठल्याही आयटी कंपनीच्या एचआरचा पहिला फोन आला की तीन प्रश्न ठरलेले असतात: करंट सीटीसी किती, एक्स्पेक्टेड किती, नोटिस पीरियड किती. उमेदवार तिन्हींची उत्तरं निमूट देतो. कंपनीने त्या जागेसाठी किती पैसे मंजूर करून ठेवलेत, ते मात्र त्याला तीन-चार राउंड होऊन आणि एक-दोन रजा खर्ची पडून, थेट ऑफरच्या फोनवर कळतं.

आकडा आधीच ठरलेला असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. मोठ्या आणि मध्यम कंपनीत जागा भरायला काढताना तिचा ग्रेड आणि बजेट मंजूर करून घ्यावं लागतं, त्यानंतरच एचआर फोन फिरवायला लागतो. म्हणजे रेंज त्याच्यासमोर असते. ती विचारणं म्हणजे घासाघीस नव्हे. घासाघीस होते ती निवड झाल्यावर, त्या रेंजमध्ये तुम्हाला कुठे बसवायचं यावर. बहुतेकांचा संकोच या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे असतो.

एक उदाहरण धरून चालू. सहा वर्षं अनुभव असलेली ऑटोमेशन टेस्टर, सध्याचं सीटीसी 12 लाख, त्यातलं जवळजवळ सगळं फिक्स्ड, नोटिस 90 दिवसांची. एचआरचा फोन झाला, पहिला टेक्निकल राउंडही पार पडला. आता निरोप आलाय: पुढे कोडिंग टेस्ट, मग मॅनेजर राउंड, मग क्लायंट राउंड, कृपया सोयीच्या वेळा कळवा. विचारायचं कधी?

पहिल्या फोनवर

इथे विचारणं सगळ्यात स्वस्त. अजून कोणाचाच वेळ गेलेला नसतो आणि आकडे काढायला सुरुवात समोरच्यानेच केलेली असते. "एक्स्पेक्टेड किती?" असं आलं की लगेच म्हणता येतं, "सांगते, पण या जागेसाठी बजेट साधारण काय आहे ते कळलं तर नेमकं सांगता येईल." बरेच एचआर यावर सरळ उत्तर देतात, कारण न जमणारा उमेदवार पुढे ढकलून त्यांच्याही पदरात काही पडत नाही.

अडचण अशी की हा फोन बहुधा अवेळी येतो. तुम्ही बसमध्ये असता किंवा शेजारी टीम लीड बसलेला असतो. तोंडी मिळालेला आकडा नंतर "मी तसं म्हटलं नव्हतं" असा विरूनही जातो. शिवाय कंपनीला अजून तुमची काही माहिती नसते, म्हणून काही एचआर रेंजचा खालचाच भाग सांगतात. 12 लाखवालीला "13-14" ऐकवलं जातं आणि वरचे दोन लाख फाइलमध्येच राहतात. म्हणून फोनवर आकडा कळला तर तो लिहून ठेवावा, पण त्यावर "चालेल" म्हणू नये. "ठीक आहे, कामाचं स्वरूप कळलं की बोलू" एवढं पुरतं.

पुढच्या राउंडची वेळ देताना

फोनवर राहून गेलं असेल तर माझ्या मते सगळ्यात चांगली जागा हीच, आणि आपल्या टेस्टरने इथेच विचारावं. एक राउंड पास झाल्यामुळे तिची थोडी किंमत तयार झालेली आहे, आणि या क्षणी एचआरला तिच्याकडून काहीतरी हवंय: स्लॉट. त्याला पॅनेलची कॅलेंडरं जुळवायची आहेत, त्यामुळे तिच्या मेलला उत्तर द्यावंच लागणार. तिची बाजूही रास्त आहे. तीन राउंड म्हणजे अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या रजा आणि कोडिंग टेस्टसाठी गेलेला एक शनिवार.

मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर असा असावा:

"नमस्कार. पुढच्या राउंडसाठी निवड झाल्याचं कळवल्याबद्दल आभार. कालच्या चर्चेत कामाची चांगली कल्पना आली आणि पुढे जायला मला आवडेल. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी पाचनंतर मी उपलब्ध आहे. वेळ पक्की करण्याआधी या जागेसाठी मंजूर असलेली पगाराची रेंज, फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळं करून, कळवू शकाल का?"

यात वेळ आधी दिलीय, त्यामुळे अट घातल्यासारखं वाटत नाही. "मंजूर असलेली" म्हटल्यावर "अजून ठरलेलं नाही" हे उत्तर देणं जरा जड जातं. आणि फिक्स्ड-व्हेरिएबल वेगळं मागितलं नाही तर जो आकडा येतो तो फसवा निघतो.

तो कसा, ते पाहू. समजा उत्तर आलं: "14 ते 16 लाख सीटीसी." वरचा आकडा धरू, 16 लाख. त्यात 10 टक्के व्हेरिएबल असेल तर 1 लाख 60 हजार बाजूला गेले, ते कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर अवलंबून. उरले 14 लाख 40 हजार. यातला निम्मा बेसिक धरला तर तो महिन्याला 60 हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे वर्षाला 86,400. ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी साधारण 34,600. आरोग्य विम्याचा हप्ता 15 हजार धरू. हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं, पण महिन्याच्या पगारात येत नाही. ते वजा केल्यावर महिन्याचा ग्रॉस उरतो जेमतेम 1 लाख 8 हजार 700. त्यातून स्वतःचा पीएफ 7,200, प्रोफेशनल टॅक्स 200 आणि वर आयकर.

आता दुसऱ्या कंपनीने 15 लाख म्हटलं आणि व्हेरिएबल अजिबात नसेल, तर बाकीची मांडणी तशीच धरून ग्रॉस जवळपास 1 लाख 13 हजार येतो. कागदावर लाखभर कमी असलेली ऑफर दर महिन्याला साडेचार हजारांनी जास्त निघते. (जॉइनिंग बोनस सीटीसीत मिसळून आकडा फुगवणारेही असतात. तो पहिल्याच वर्षी मिळतो, आणि वर्षाच्या आत सोडलं तर बहुतेक ठिकाणी परत द्यावा लागतो.)

मेलला आकडा सोडून जी उत्तरं येतात, तीही वाचता आली पाहिजेत. "कॅंडिडेट चांगला असेल तर बजेटचा प्रश्न नाही" हे ऐकायला गोड, पण यात माहिती शून्य. "करंटवर 30 टक्के हाइक देतो" याचा अर्थ पगार जागेवरून नाही, तुमच्या जुन्या स्लिपवरून ठरणार. 12 लाखांवर 30 टक्के म्हणजे 15 लाख 60 हजार, पण जिचा सध्याचा पगार मुळातच कमी आहे ती तशीच मागे राहणार. "इंटरव्ह्यूच्या परफॉर्मन्सवर अवलंबून" हे अर्धं खरं असतं: रेंजमधली जागा परफॉर्मन्सवर ठरते, रेंज नाही. म्हणून यावर एकदाच, शांतपणे लिहावं: "ते समजू शकते. माझ्या बाजूने फिक्स्ड 14 लाखांच्या खाली बदल करणं शक्य होणार नाही. हे बजेटमध्ये बसत असेल तर बुधवारची वेळ पक्की करू या." रेंज मिळाली नाही तरी आपली खालची रेघ लेखी जाते, आणि त्यावर "हो, बसतं" एवढं आलं तरी काम झालं. दुसऱ्या मेललाही उत्तर गोलमोल असेल तर एखादा राउंड द्यायला हरकत नाही, पण तीन देऊ नयेत.

विचारल्यामुळे नाव कटतं का? क्वचित कटतं, आणि आधी कळत नाही. पण जिथे वेळ देऊन, नम्रपणे विचारलेल्या एका ओळीमुळे दार बंद होतं, तिथे ऑफरच्या वेळची घासाघीस कशी झाली असती याचा अंदाज बांधता येतो.

सगळे राउंड संपल्यावर

थांबण्यामागचा युक्तिवाद असा: कंपनीचाही वेळ गेलेला असतो, पॅनेलला तुम्ही आवडलेले असता, तेव्हा तुमचं पारडं जड. रेंजच्या आत सरकण्यापुरतं हे खरं आहे. पण रेंजच तुमच्या सध्याच्या पगाराखाली संपत असेल तर जड पारड्याचा उपयोग नाही. बजेटच्या वर जायला एचआरला वरून खास मंजुरी आणावी लागते, आणि ती आणण्यापेक्षा पुढचा उमेदवार बोलावणं सोपं असतं.

तरी दोन ठिकाणी थांबणं शहाणपणाचं. एक, जिथे ग्रेडच मुलाखतीत ठरतो: एकाच जागेसाठी सीनियर आणि लीड दोघांनाही पाहतायत. तिथे आधी विचारलं तर सीनियरची रेंज हातात येते आणि मनात तीच बसते. दुसरं, दहा-पंधरा माणसांची स्टार्टअप, जिथे फाउंडर स्वतःच बोलतो आणि पगार, ईसॉप्स यांचा मेळ माणूस पाहून घातला जातो. तिथेही शेवटच्या आधीच्या भेटीत विषय काढावाच.

टेक्निकल राउंड घेणाऱ्याला मात्र कधीच विचारू नये. त्याच्याकडे आकडा नसतो आणि अवघडलेपण तेवढं दोघांच्या वाट्याला येतं.

मध्ये कन्सल्टन्सी असेल तर

इथे आधी एक विचारा: नोकरी कंपनीच्या पेरोलवर की कन्सल्टन्सीच्या? कंपनीच्या पेरोलवर असेल तर कन्सल्टंटची फी बहुधा तुमच्या वार्षिक सीटीसीच्या टक्क्यांत असते, 8.33 टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार हा प्रचलित दर. तुमचा आकडा वाढला तर त्याचं नुकसान नाही, त्याला रेंज पहिल्याच फोनवर बिनधास्त विचारा. तोच तुम्हाला सांगतो, "मॅडम, 15 पर्यंत जातील, 16 सांगू नका." पण त्याची खरी घाई जागा भरण्याची असते, म्हणून हा "15" थोडा सावध असू शकतो.

कन्सल्टन्सीच्या पेरोलवर कॉन्ट्रॅक्ट असेल तर हिशोब उलटा. क्लायंट त्याला ठरावीक बिलिंग रेट देतो, तुम्हाला देऊन उरलेलं त्याचं. तिथे रेंज विचारूनही खालची बाजूच कानावर पडेल, म्हणून आपला आकडा आधी सांगणं बरं.

कायदा कुठे मदत करतो

भारतात खाजगी कंपनीने रेंज सांगितलीच पाहिजे असा कायदा नाही. सरकारी जाहिरातीत वेतनस्तर छापलेला असतो, सातव्या वेतन आयोगाचा लेव्हल 6 म्हणजे मूळ वेतन 35,400 ते 1,12,400, तिथे प्रश्नच उरत नाही. बाहेर अर्ज करणाऱ्यांचं वेगळं. अमेरिकेत कोलोरॅडोत 2021 पासून, न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर 2022 पासून आणि कॅलिफोर्नियात 15 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना 2023 पासून जाहिरातीतच रेंज द्यावी लागते. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशात उमेदवाराला मुलाखतीआधी सुरुवातीचा पगार किंवा रेंज कळवण्याची तरतूद आहे, आधीचा पगार विचारायला मनाई आहे, आणि सदस्य देशांना ते कायद्यात आणायला 7 जून 2026 ची मुदत दिलेली आहे. म्युनिक किंवा डब्लिनच्या जागेसाठी पुण्यातून बोलत असाल आणि समोरून करंट सीटीसी विचारलं गेलं, तर "मी अपेक्षा सांगते, तुम्ही रेंज सांगा" असं म्हणणं तिथे अगदी नेहमीचं समजलं जातं.