दुसरी केबल कुठे टाकायची: ब्रिज घालवायचा की कट व्हर्टेक्सही?

दोन इमारती, प्रत्येकीत तीन स्विच. पहिलीत क, ख, ग एकमेकांना जोडलेले, दुसरीत प, फ, ब तसेच. दोन्ही इमारतींना जोडणारी केबल एकच, ग ते प. पैसे आणखी एका केबलपुरते आहेत. ती ग–प याच जोडीत टाकावी की ख–फ अशी?

आज ग–प हा ब्रिज आहे, म्हणजे ही एक कडा तुटली की ग्राफचे दोन तुकडे होतात. ग आणि प हे कट व्हर्टेक्स आहेत. त्यांतला एक स्विच बंद पडला तरी तेच होतं.

ग–प दुसऱ्यांदा जोडलं तर ब्रिज उरत नाही. केबलचा प्रश्न मिटला. पण ग चा वीजपुरवठा गेला की दोन्ही केबली एकदम निकामी. उरलेल्या पाच स्विचांच्या दहा जोड्यांपैकी फक्त चार एकमेकांशी बोलू शकतात. ख–फ जोडलं तर ग गेल्यावरही क, ख, फ मार्गे वाट शिल्लक राहते आणि दहाच्या दहा जोड्या चालू राहतात. कडांची संख्या दोन्हीकडे आठच आहे, तरी फरक एवढा मोठा.

जाळं मोठं असेल तर हे नजरेने दिसत नाही, तिथे डेप्थ-फर्स्ट सर्च लावायचा. मूळ जाळ्यात क पासून क, ख, ग, प, फ, ब असे गेलो तर `disc`, म्हणजे भेटीचा क्रमांक, अनुक्रमे 1 ते 6. खालून मागे जाणाऱ्या कडेने जिथवर पोचता येतं तो सर्वांत लहान क्रमांक म्हणजे `low`. खाली `u` हा पालक शिरोबिंदू आणि `v` हे त्याच्यापासून पुढे गाठलेलं अपत्य.

```
ब्रिज:        low[v] > disc[u]
कट व्हर्टेक्स:  low[v] >= disc[u]
```

प चा `low` 4, ग चा `disc` 3, म्हणून ग–प ब्रिज. फ चा `low` 4 आणि प चा `disc` ही 4: प–फ ब्रिज नाही, पण प कट व्हर्टेक्स आहे. सगळा भेद त्या बरोबरच्या चिन्हात आहे. सुरुवातीच्या शिरोबिंदूला मात्र वेगळा नियम: त्याला दोन किंवा अधिक अपत्यं असतील तरच तो कट व्हर्टेक्स. आणि प्रोग्राममध्ये मागे न जाण्यासाठी पालक शिरोबिंदू वगळू नका, ज्या कडेने आलात ती कडा वगळा. नाहीतर दुहेरी ग–प केबललाही तो ब्रिजच म्हणेल.

माझा कौल ख–फ ला, केबल थोडी लांब पडली तरी. ग आणि प दोन्ही यूपीएसवर असतील, कपाटात जादा स्विच तयार असेल, तर मात्र जुन्याच जोडीत दुसरी केबल टाकणं वावगं नाही. पण तिचा चर वेगळा हवा. एकाच चरातल्या दोन केबली ग्राफवर दोन कडा दिसतात, जेसीबीच्या दाताला मात्र एकच लागतात.